क्लोज कॉइल्ड स्प्रिंग: तार किती जाड, वेढे किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरं एकाच स्प्रिंगभोवती फिरतात. प्रेस टूलमध्ये पंच मारून झाल्यावर पत्र्याचा तुकडा डायमधून वर ढकलणारी ही साधी कॉम्प्रेशन स्प्रिंग आहे. ती ४० मिमीच्या भोकात बसायला हवी आणि २५ मिमी दबली की तिने ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलोचा जोर द्यायला हवा. तार कोल्ड ड्रॉन स्टीलची, दोन्ही टोकं बसवून ग्राइंड केलेली. आकडे स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघत वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

कॉम्प्रेशन स्प्रिंगच्या वेढ्यांत तर चांगली फट दिसते. मग तिला क्लोज कॉइल्ड का म्हणायचं?

इथे फट किती आहे ते बघायचं नसतं, तार किती कलली आहे ते बघायचं असतं. एक वेढा पूर्ण करताना तार वर चढते ते अंतर म्हणजे पिच. पिचला वेढ्याच्या परिघाने भागलं की कलाचा कोन कळतो. आपल्या स्प्रिंगचा पिच ११.२५ मिमी आणि सरासरी परीघ सुमारे १०७ मिमी येणार आहे, म्हणजे कोन ६ अंश. हा कोन १० अंशांच्या आत असेल तर तार जवळजवळ आडवीच आहे असं धरून नेहमीची सोपी सूत्रं वापरतात. ६ अंशांना त्यामुळे दाबात होणारी चूक एक टक्क्याहूनही कमी असते. तारेच्या जाडीतला फरक याच्या कितीतरी पट त्रास देतो, त्याबद्दल पुढे येईलच.

स्प्रिंग वरून सरळ दाबतो, तर तारेत शिअर स्ट्रेस कुठून येतो?

भार स्प्रिंगच्या मधल्या अक्षावर पडतो आणि तार त्या अक्षापासून अर्ध्या व्यासाइतकी लांब असते. त्यामुळे तारेच्या प्रत्येक छेदावर भार गुणिले त्रिज्या एवढा पीळ बसतो. स्प्रिंग म्हणजे गुंडाळून ठेवलेला एक लांब टॉर्शन बार. तिची दबणूक म्हणजे त्या बारला सगळ्या लांबीभर मिळून बसलेला पीळ. शाफ्टसाठी शिकलेलं टॉर्शनचं सूत्र घ्या, लांबीच्या जागी π × D × n घाला, आलेला कोन त्रिज्येने गुणा, की दोन्ही सूत्रं मिळतात:

```
τ = K × 8 W D / (π d³)
δ = 8 W D³ n / (G d⁴)
```

यात W हा भार न्यूटनमध्ये, d तारेचा व्यास, D वेढ्याचा सरासरी व्यास म्हणजे बाहेरचा व्यास वजा एक तार, n काम करणारे वेढे आणि G स्टीलसाठी ८०,००० मेगापास्कल. मापं मिमीमध्ये ठेवली की स्ट्रेस आपोआप मेगापास्कलमध्ये येतो.

पहिल्या सूत्रात n कुठेच नाही, हे नीट बघून ठेवा. ठरलेल्या भाराखाली चार वेढे असोत की चाळीस, तारेतला स्ट्रेस तोच राहतो. वेढ्यांची संख्या दबणुकीत येते आणि तिच्यामार्फत स्प्रिंगच्या कडकपणात.

सूत्रातला K कशासाठी? कॉलेजात तर त्याच्याशिवायच गणितं सोडवली होती.

तार वाकवून वेढा केला की वेढ्याच्या आतल्या बाजूची लांबी बाहेरच्या बाजूपेक्षा कमी होते. दोन्ही बाजू पिळल्या जातात तेवढ्याच, पण आतला पीळ कमी लांबीत मावावा लागतो, म्हणून आतल्या बाजूचा स्ट्रेस जास्त. शिवाय भाराचा सरळ शिअरही आतल्या बाजूलाच पिळाच्या स्ट्रेसमध्ये मिळतो. हे दोन्ही मिळून धरणारा गुणक ए. एम. वाल यांचा:

```
C = D / d
K = (4C − 1) / (4C − 4) + 0.615 / C
```

C ला स्प्रिंग इंडेक्स म्हणतात. C = ४ असताना K सुमारे १.४० येतो, C = ८ ला १.१८. इंडेक्स चारच्या खाली गेला तर तार गुंडाळतानाच तडकायची भीती असते. बाराच्या वर गेला की स्प्रिंग लुळी होते, हाताळताना वाकते आणि डब्यात एकमेकींत गुंतते. सहा ते दहाच्या मध्ये राहिलं की गुंडाळणाराही खूश असतो.

K कागदावरचा नाही याचा पुरावा तुटलेल्या स्प्रिंगमध्ये दिसतो. वापरून वापरून तुटलेली स्प्रिंग हातात घ्या आणि तुटलेली तोंडं उजेडात धरा. तडा बहुतेक वेळा वेढ्याच्या आतल्या बाजूने सुरू झालेला असतो आणि तारेच्या लांबीशी सुमारे ४५ अंशांत तिरका गेलेला असतो. तडा बाहेरच्या बाजूने सुरू झाला असेल तर आधी ओरखडा, गंज किंवा भोकाच्या भिंतीला घासल्याच्या खुणा शोधा.

तारेचा व्यास ठरवायला सुरुवात कुठून करायची?

जागेपासून. भोक ४० मिमीचं आहे, स्प्रिंगचा बाहेरचा व्यास ३८ ठेवू. दाबल्यावर वेढे किंचित फुगतात. आपल्या स्प्रिंगमध्ये ही वाढ ०.२ मिमीपेक्षा कमी आहे, पण भोक पूर्ण सरळ नसतं आणि स्प्रिंगही थोडी तिरपी बसते, म्हणून २ मिमी सोडलेले बरे.

मग स्ट्रेस किती चालेल ते ठरवायचं. आपण आयएस ४४५४ भाग १ मधली एसएम ग्रेडची तार धरू. ४ मिमी जाडीला तिची टेन्साइल स्ट्रेंग्थ सुमारे १५३० मेगापास्कल असते. अधूनमधून दबणाऱ्या स्प्रिंगसाठी त्याच्या ४५ टक्के, म्हणजे ६८८ पर्यंत शिअर स्ट्रेस चालवू. इथे एक अडचण आहे. कोल्ड ड्रॉन तार जितकी बारीक, तितकी तिची स्ट्रेंग्थ जास्त, त्यामुळे व्यास माहीत असल्याशिवाय स्ट्रेंग्थ कळत नाही आणि स्ट्रेंग्थशिवाय व्यास. अंदाज करून पुढे जायचं, नंतर तपासायचं, दुसरा उपाय नाही.

सरासरी व्यास ३४ आणि K = १.२ धरून d काढला तर ३.९ मिमी येतो. बाजारात सहज मिळणारी त्याच्या वरची तार ४ मिमी. आता खरे आकडे: D = ३४, C = ८.५, K = १.१७. स्ट्रेस येतो ६३४ मेगापास्कल, ६८८ च्या आत. पैसे वाचवायला ३.५ मिमी घ्यायचा विचार असेल तर तेही करून बघा. बाहेरचा व्यास तोच ठेवून स्ट्रेस ९४० होतो. तार अर्ध्या मिमीने बारीक झाली आणि स्ट्रेस जवळपास दीडपट झाला, कारण d चा घन खाली आहे.

आणि वेढे?

दुसरं सूत्र उलटं करायचं:

```
n = G d⁴ δ / (8 W D³)
  = 80000 × 4⁴ × 25 / (8 × 400 × 34³)
  ≈ 4.07
```

काम करणारे वेढे ४ धरले तर कडकपणा १६.३ न्यूटन प्रति मिमी येतो आणि २५ मिमीला ४०७ न्यूटन. टोकाचे दोन वेढे बसवून ग्राइंड केलेले असल्याने ते दबत नाहीत, म्हणून एकूण वेढे ६. सगळे वेढे एकमेकांना टेकले की उंची ६ × ४ = २४ मिमी. त्यात चालीचे २५ मिमी आणि वेढे टेकू नयेत म्हणून चालीच्या साधारण १५ टक्के, म्हणजे ४ मिमी मिळवले की मोकळी उंची ५३ मिमी.

इथे बरेच जण थांबतात, पण अजून एक तपासणी उरते. सेटिंग करताना कोणीतरी ही स्प्रिंग कधीतरी पूर्ण दाबणारच. ५३ वरून २४ म्हणजे २९ मिमी, भार ४७२ न्यूटन आणि स्ट्रेस ७४९, म्हणजे स्ट्रेंग्थच्या ४९ टक्के. एखाद्या वेळेला चालून जाईल. हाच आकडा ६० टक्क्यांच्या आसपास आला असता तर पहिल्याच पूर्ण दाबात स्प्रिंग बसली असती आणि उंची कमी झाल्याची तक्रार गुंडाळणाऱ्याच्या नावावर गेली असती.

म्हणजे ४ मिमी तार आणि ४ वेढे, झालं?

अधूनमधून चालणाऱ्या टूलसाठी हो. पण हे टूल दिवसाला हजारो स्ट्रोक मारणार असेल तर नाही. शून्यापासून पूर्ण भारापर्यंत लाखो वेळा जाणाऱ्या, शॉट पीनिंग न केलेल्या स्प्रिंगला कमाल स्ट्रेस टेन्साइलच्या सुमारे ३० टक्क्यांवर ठेवणं शहाणपणाचं. आपला ६३४ हा ४१ टक्के आहे.

आता ४.५ मिमी तार घ्या. बाहेरचा व्यास ३८ च, म्हणजे D = ३३.५, C = ७.४, K = १.२०. स्ट्रेस ४४९ वर येतो. या जाडीला तारेची स्ट्रेंग्थ १५०० च्या आसपास, म्हणजे बरोबर ३० टक्के. वेढे मात्र ६.८ लागतात. ६.७५ ठेवले तर २५ मिमीला ४०४ न्यूटन मिळतात. एकूण वेढे ८.७५, टेकलेली उंची ३९.४, मोकळी उंची ६८.५ मिमी. आयुष्य वाढलं, त्याची किंमत १५ मिमी उंचीत मोजली. टूलमध्ये तेवढी खोली नसेल तर भोक मोठं करा किंवा एका स्प्रिंगच्या जागी दोन लावा. सूत्राकडून सवलत मिळत नाही.

या कामाला ग्रेडही एसएमऐवजी डीएम मागवावी. स्ट्रेंग्थ तीच, पण डी म्हणजे डायनॅमिक वापराची तार, आणि तिच्या पृष्ठभागावरच्या दोषांची मर्यादा कडक असते. थकून होणारा तडा पृष्ठभागावरूनच सुरू होतो, त्यामुळे इथे दिलेले जास्तीचे पैसे वाया जात नाहीत.

स्प्रिंग सारखी तुटते. जाड तारेची करून घेतली, तर आणखी लवकर तुटायला लागली. हे कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. उत्तर देण्याआधी मी नेहमी एक विचारतो: तुमच्या मशीनमध्ये भार ठरलेला आहे की चाल?

भार ठरलेला म्हणजे स्प्रिंगवर वजन ठेवलंय, ती दबेल तेवढी दबो. अशा ठिकाणी जाड तार म्हणजे कमी स्ट्रेस, घनाच्या हिशोबाने. पण प्रेस टूल, व्हॉल्व्ह, क्लच, कॅम या सगळ्यांत चाल ठरलेली असते. प्रेसचा रॅम २५ मिमी खाली येणार म्हणजे येणारच. स्प्रिंग कडक आहे म्हणून तो वर थांबत नाही. तेव्हा भाराच्या जागी दबणूक घालून सूत्र पुन्हा लिहायला हवं:

```
τ = K × G d δ / (π D² n)
```

आता d वर गेलाय आणि n खाली. ठरलेल्या चालीला तार जाड केली की स्ट्रेस वाढतो, वेढे वाढवले की कमी होतो. वरच्या उत्तरात वेढ्यांचा स्ट्रेसशी संबंध नाही म्हटलं होतं, ते भार ठरलेला असताना. दोन्ही विधानं खरी आहेत, आणि बहुतेक गोंधळ दोन्ही परिस्थिती एकच समजल्यामुळे होतो.

आकड्यांत बघू. आपली ४ मिमीची, ४ वेढ्यांची, ५३ उंचीची स्प्रिंग २५ मिमी दाबली की स्ट्रेस ६४५. ती तुटली म्हणून तोच सरासरी व्यास, तेवढेच वेढे, तेवढीच उंची ठेवून ४.५ मिमीची करून घेतली. कडकपणा झाला २६ न्यूटन प्रति मिमी, जोर ६५० न्यूटनच्या वर आणि स्ट्रेस ७४१. सहा वेढ्यांची टेकलेली उंचीही २४ वरून २७ वर गेली, म्हणजे स्ट्रोकच्या शेवटी फक्त १ मिमी शिल्लक राहिला. थोडं सेटिंग खाली गेलं की वेढे एकमेकांवर आपटणार. लवकर तुटण्याची कारणं अशी दोन झाली.

त्याऐवजी ४ मिमीच तार ठेवून काम करणारे वेढे ५ केले असते तर त्याच चालीला स्ट्रेस ५१६ वर आला असता. जोर मात्र ३२६ न्यूटन. तुकडा तेवढ्यात वर येत असेल तर प्रश्न तिथेच मिटला, फक्त उंची ५७ करावी लागेल. जोर ४०० च हवा असेल तर तार आणि वेढे दोन्ही एकत्र बदलावे लागतात, जसं आधीच्या प्रश्नात ४.५ मिमी आणि ६.७५ वेढ्यांचं केलं. तिथे जाड तारेने स्ट्रेस कमी झाला तो जोडीला वेढे वाढवले म्हणून.

स्प्रिंग थोडी उंच आहे. एखादा वेढा कापून टाकला तर चालेल का?

वेढा कापला की स्प्रिंग कडक होते, नरम नाही. काम करणारे वेढे ८ वरून ६ केले तर कडकपणा एक तृतीयांशाने वाढतो. चाल ठरलेली असेल तर जोर आणि स्ट्रेस दोन्ही त्याच प्रमाणात चढतात. शिवाय कापलेलं टोक ग्राइंड केलेलं नसतं, भार एका बाजूला पडतो आणि स्प्रिंग तिरपी होऊन भोकाला घासते. कटिंग व्हीलने कापताना तार निळी पडली असेल तर तिथला ताव उतरलेला असतो. गाड्यांच्या सस्पेन्शनमध्ये हा उद्योग करणाऱ्यांना सांगून उपयोग होत नाही, तरी सांगतो: करू नका.

हिशोब बरोबर होता, पण स्प्रिंग तपासली तर २५ मिमीला ४०७ ऐवजी ३८५ न्यूटनच भरले. चूक कुठे?

बहुधा कुठेच नाही. मायक्रोमीटर घेऊन तार मोजा. ४ ऐवजी ३.९५ भरली तर d च्या चौथ्या घातामुळे कडकपणा ५ टक्के उतरतो, आणि ४०७ चे ३८७ तिथेच झाले. सरासरी व्यास ३४ ऐवजी ३४.५ झाला असेल तर आणखी ४ टक्के जातात. मोजताना तारेवरचं कोटिंग धरू नका, ते भार घेत नाही.

तिसरी जागा वेढ्यांची मोजणी. टोकाचा वेढा नेमका कुठे टेकायचा थांबतो हे डोळ्यांना नीट दिसत नाही, आणि चारच वेढे असले की पाव वेढ्याचा फरक म्हणजे ६ टक्के. म्हणूनच कमी वेढ्यांच्या स्प्रिंगमध्ये जोर अचूक मिळवणं अवघड असतं आणि पावणेसात वेढ्यांची स्प्रिंग याही बाबतीत सोपी जाते. गुंडाळणारे कारागीर हाच पाव वेढा इकडेतिकडे करून जोर जुळवतात, म्हणून त्यांना वेढ्यांची मोकळीक द्यावी.

मोजताना स्प्रिंगच्या एकूण चालीच्या मधल्या भागातले दोन बिंदू घ्या. सुरुवातीला टोकं नीट बसत असतात आणि शेवटी वेढे टेकू लागतात. दोन्हीकडे भार आणि दबणुकीची रेषा सरळ राहत नाही.

स्प्रिंग तुटत नाही, पण महिनाभरात बुटकी होते. का?

स्ट्रेस तारेच्या लवचिक मर्यादेपलीकडे जातोय, किंवा गुंडाळल्यानंतर ताव दिलेला नाही. थंड तार गुंडाळताना तिच्यात आतले स्ट्रेस अडकून राहतात. ते काढायला भट्टीत साधारण २३० ते २९० अंश सेल्सियसला अर्धा तास ठेवतात. हे टाळलेली स्प्रिंग सुरुवातीला ठीक दिसते आणि कामाला लागल्यावर उतरते.

ओळखायची पद्धत सोपी आहे. नवी स्प्रिंग उंची मोजून तीन वेळा पूर्ण दाबा आणि पुन्हा मोजा. उंची कमी झाली आणि नंतरच्या दाबांत तिथेच स्थिर राहिली, तर ती पहिल्या दाबातच बसून घेतली. चांगले कारखाने हेच मुद्दाम करून देतात. स्प्रिंग थोडी उंच गुंडाळतात, पूर्ण दाबून हव्या उंचीला आणतात. याला स्क्रॅगिंग म्हणतात, आणि त्यामुळे स्प्रिंग थोडा जास्त स्ट्रेसही झेलते. पण दर दाबाला उंची उतरतच राहिली तर स्ट्रेसचा हिशोब पुन्हा करा, नुसत्या तावाने ते सुधारणार नाही.

ऑर्डर देताना काय लिहायचं?

तारेचा व्यास आणि ग्रेड, बाहेरचा व्यास, ज्या भोकात बसणार त्याचा व्यास, मोकळी उंची, टोकं कशी हवीत आणि ठरलेल्या उंचीला किती जोर हवा ते. आपल्या ४.५ मिमीच्या स्प्रिंगसाठी: ४३.५ मिमी उंचीला ४०० न्यूटन, अधिक-उणे ७ टक्के. उंची, जोर आणि वेढे या तिन्हींवर एकदम टॉलरन्स टाकू नका. तिघं एकमेकांना बांधलेले आहेत, आणि तिन्ही घट्ट धरले तर गुंडाळणारा काम तरी परत पाठवेल किंवा गुपचूप त्यातलं एक सोडून देईल. जोर महत्त्वाचा असेल तर वेढ्यांपुढे «संदर्भासाठी» असं लिहा. चाल किती आणि दिवसाला किती स्ट्रोक, हेही त्यांना सांगा. झिंक प्लेटिंग हवं असेल तर प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत ठेवून हायड्रोजन काढायची अट लिहून घ्या, नाहीतर स्ट्रेस कितीही कमी ठेवला असला तरी एखादी स्प्रिंग नुसती दाबून ठेवलेल्या जागी, एकही स्ट्रोक न मारता तुटू शकते.